अमृतपान, पाच ककार आणि एमआरआय कक्षातील नोकरी : भाच्यासाठी काही शंका

गोदातीर

नमस्कार. माझा भाचा नांदेडला एका खासगी रुग्णालयात एमआरआय तंत्रज्ञ आहे. त्याची पत्नी नांदेडच्याच शीख कुटुंबातील असून लग्न नोंदणी पद्धतीने झाले. गेली काही वर्षे तो तिच्याबरोबर नियमाने गुरुद्वाऱ्यात जातो, सेवा करतो, केसही वाढवले आहेत. आता दोघांनी मिळून अमृतपान करण्याचे, म्हणजे खालशाची दीक्षा घेण्याचे ठरवले आहे. आमचा विरोध नाही, परंतु माझ्या बहिणीच्या मनात बऱ्याच शंका आहेत आणि सुनेला त्या विचारायला ती कचरते. विधीत नेमके काय होते, कोणता शब्द द्यावा लागतो, आणि रोजचे काय बंधन येते? सर्वांत मोठी अडचण नोकरीची आहे. कडे आणि कृपाण अंगावर घेऊन तो त्या चुंबकाच्या खोलीत जाणार कसा? रोज उतरवून ठेवले तर अमृत मोडते का? अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

आप्पा_सातारकर

यात घाबरण्यासारखे काही नाही. आपल्याकडे मुंज होते तसाच हा संस्कार आहे. साखरेचे पाणी पितात, पाच वस्तू धारण करतात, आणि त्यानंतर मद्य-मांस कायमचे बंद. पहाटे पाच बाण्या म्हणजे प्रार्थना म्हणाव्या लागतात. एखादी वस्तू अंगावरून उतरली की अमृत मोडते आणि विधी पुन्हा करावा लागतो, असे माझे एक सरदारजी सहकारी सांगत असत. त्यामुळे नोकरी बदलणे हाच मार्ग दिसतो.

वाटाड्या

आमच्या शेजारच्या सरदारजींच्या मुलाचा हा कार्यक्रम मी पाहिला आहे. मुलगा अकरा-बारा वर्षांचा होता, आजोबांनी त्याच्या डोक्याला पहिली पगडी बांधली, नंतर सर्वांना जेवण होते. आम्ही पाकीट दिले ते त्यांनी आनंदाने घेतले. आहेर काय द्यावा असा प्रश्न असेल तर पगडीचे कापड उत्तम.

हजुरी_मराठी

वाटाड्याजी, तुम्ही पाहिलेला समारंभ दस्तारबंदीचा होता. तो घरगुती आनंदाचा प्रसंग असतो आणि त्यात कोणताही शब्द द्यावा लागत नाही. अमृतसंचार अगदी निराळा. त्याला आहेर नसतो आणि निमंत्रितही नसतात.

माझा जन्म नांदेडचा, शाळा मराठी माध्यमाची, आणि अमृत मी तरुणपणीच घेतले आहे. विधी गुप्त नाही, तो शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीच्या १९४५ च्या रहत मर्यादेत म्हणजे आचारसंहितेत लिहिलेला आहे. मात्र तो चारचौघांच्या वर्दळीपासून दूर, शांत जागी करतात. गोदातीर ताई, तुमच्या बहिणीला समजावे म्हणून क्रमाने सांगतो.

गुरु ग्रंथ साहिबांचा प्रकाश केलेला असतो. किमान सहा अमृतधारी लागतात : एक ग्रंथाजवळ बसतो आणि पाच जण अमृत तयार करतात. हेच त्या दिवसाचे पंज प्यारे. लिखित मर्यादेप्रमाणे या सहांत स्त्रियाही असू शकतात. प्रत्यक्षात पाचांत स्त्री क्वचितच दिसते, आणि नांदेडच्या जुन्या परंपरेत तर स्त्रियांसाठी अमृतही खंडा या दुधारी तलवारीऐवजी कृपाणीने तयार करीत. त्यामुळे पती-पत्नी एकत्र बसणार असतील तर कोणत्या ठिकाणी कोणती पद्धत आहे हे त्यांनी आधी विचारून घ्यावे.

घेणाऱ्याने केसांवरून स्नान करून, केश, कंघा, कडे, कृपाण आणि कच्छेरा हे पाचही ककार धारण करून यायचे असते. म्हणजे ककार विधीत मिळत नाहीत, ते अंगावर घेऊनच उभे राहायचे. डोके झाकलेले हवे पण टोपी चालत नाही. अन्य धर्माचे चिन्ह अंगावर नको, आणि नाक-कान टोचून घातलेले दागिनेही नकोत. तुमच्या भाच्याच्या गळ्यात जानवे किंवा मनगटावर गंडा असेल तर तो आधी उतरवलेला असावा.

पाचांपैकी एक जण सर्वांना उभे करून शिखीची तत्त्वे सांगतो आणि विचारतो की हे तुम्हाला खुशीने मान्य आहे का. उमेदवाराने ‘हो’ म्हटले की मगच अरदास म्हणजे प्रार्थना होते, ग्रंथ उघडून समोर येणारा शबद म्हणजे हुकुमनामा घेतला जातो आणि पुढचे काम सुरू होते. सर्वलोहाच्या बाट्यात म्हणजे लोखंडी भांड्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात बत्तासे टाकतात. पंज प्यारे बाट्याभोवती वीरासनात बसतात, म्हणजे उजवा गुडघा जमिनीला टेकलेला आणि डावा उभा. मग जपजी, जाप, दहा सवय्ये, बेनती चौपई, आणि आनंद साहिबच्या पहिल्या पाच व शेवटची अशा सहा पौड्या म्हणजे कडवी म्हटली जातात. जो म्हणतो तो डावा हात बाट्याच्या काठावर ठेवून उजव्या हाताने खंडा पाण्यात फिरवत राहतो, आणि बाकीचे चौघे दोन्ही हात काठावर ठेवून अमृताकडे एकटक पाहतात. एकाची बाणी संपली की खंडा दुसऱ्याच्या हाती जातो. याला बराच वेळ लागतो. जो सुरुवातीपासून हजर आहे त्यालाच अमृत मिळते, मध्येच आलेल्याला नाही. नातेवाईक गावाहून उशिरा पोहोचले आणि त्यांना परत जावे लागले, असे मी पाहिले आहे.

यानंतर प्रत्येकाने वीरासनात बसून डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून ओंजळ करायची. पाच वेळा ओंजळीत अमृत मिळते आणि दर वेळी पिऊन झाल्यावर ‘वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह’ म्हणायचे. नंतर पाच वेळा डोळ्यांवर आणि पाच वेळा केसांत शिंपडतात. उरलेले अमृत सर्व जण त्याच बाट्याला तोंड लावून पितात. आप्पा, तुम्ही मुंजीची तुलना केलीत, पण माझ्या मते फरक इथेच आहे. कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा हे न विचारता एका भांड्याला ओठ लावणे हा विधीचा गाभा आहे. १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला उभे राहिलेले पहिले पाच जण लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि बिदर या गावांचे आणि निरनिराळ्या जातींचे होते. त्यांतील भाई साहिब सिंघ हे बिदरचे, म्हणजे आमच्या नांदेडपासून फार लांबचे नव्हेत, आणि जन्माने नाभिक होते. त्या पाचांकडून मग गुरु गोबिंद सिंघांनी स्वतःच अमृत मागून घेतले.

शेवटी पाचही जण एका स्वरात मूलमंत्र म्हणतात, घेणारे मागून म्हणतात, आणि रहत सांगितली जाते : आजपासून तुमचे धर्मपिता गुरु गोबिंद सिंघ, धर्ममाता साहिब कौर, जन्म केशगढ साहिबचा आणि वास आनंदपूर साहिबचा. नाव शीख वळणाचे नसेल तर हुकुमनाम्याच्या पहिल्या अक्षरावरून नवे ठेवतात. मग एकाच भांड्यातून कडाह प्रसाद.

गोदातीर

हजुरी_मराठी, मनःपूर्वक आभार. बहिणीला हे वाचून दाखवले. नाव बदलण्यापेक्षा तिला दुसरीच गोष्ट लागली. मेहुणे गेल्यापासून वर्षश्राद्ध भाचाच करतो. ‘धर्मपिता दुसरे’ म्हटल्यावर ते बंद होणार का, असे तिने विचारले. आणि नोकरीचा प्रश्न अजून तसाच आहे.

हजुरी_मराठी

श्राद्ध, पिंडदान, मूर्तिपूजा हे तो करू शकणार नाही. हे गुळमुळीत सांगण्यात अर्थ नाही, आणि त्याने ‘हो’ म्हणण्याआधी आईशी हे बोलायला हवे. घरच्या गणपतीला तो येईल, जेवेल, आरती चालू असताना घरात असेल. पूजेला बसणार नाही. वडिलांच्या स्मरणार्थ पाठ आणि लंगर करता येतो आणि अनेक जण करतात. तुमच्या बहिणीला ते पुरेसे वाटेल की नाही हे मी कसे सांगणार?

आता ‘अमृत मोडते का’ याविषयी, कारण आप्पांनी लिहिलेले निम्मेच बरोबर आहे. रहतेत दोन पातळ्या आहेत. चार गोष्टी बज्जर कुरहिती म्हणजे सर्वांत गंभीर नियमभंग मानल्या जातात : केस काढणे, कुठ्ठा म्हणजे मुस्लिम पद्धतीने कापलेले मांस खाणे, आपल्या जोडीदाराखेरीज इतरांशी शरीरसंबंध, आणि तंबाखू. यांतली एक घडली की माणूस पतित ठरतो आणि त्याला पंज प्याऱ्यांपुढे उभे राहून नव्याने अमृत घ्यावे लागते. बाकीच्या चुकांना तनखाह म्हणजे धार्मिक शिक्षा असते. दाढीला कलप लावणे, हुंड्याची देवघेव, नशा करणे, रहतेतला एखादा नियम ढिला पडणे, या सर्व गोष्टी दुसऱ्या प्रकारात येतात. ज्याच्या हातून चूक झाली त्याने संगतीपुढे, ग्रंथाच्या उपस्थितीत ती स्वतः सांगायची. पाच जण विचार करून शिक्षा ठरवतात आणि ती शक्यतो हातांनी करण्याची सेवा असते, जसे जोडे पुसणे किंवा लंगरची भांडी घासणे. मर्यादेत दोन्ही बाजूंना ताकीद आहे : संगतीने क्षमा करताना हट्ट धरू नये आणि चुकलेल्याने शिक्षेवर वाद घालू नये.

कडे किंवा कृपाण काही वेळ अंगापासून दूर होणे हे त्या चारांत नाही. तेव्हा ‘वस्तू उतरली की अमृत मोडले’ हे लिखित मर्यादेला धरून नाही. तरीही पाचही ककार सदैव अंगावर असावेत हा नियम आहेच; एकदा नाइलाजाने उतरवणे आणि रोज नोकरीसाठी उतरवणे यांत मला फरक दिसतो.

मांसाबद्दलही एक दुरुस्ती करतो. मर्यादेत बंदी कुठ्ठ्याची आहे, सर्व मांसाची नाही, आणि आमच्या नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात तर झटक्याची, म्हणजे एका घावात मारलेल्या प्राण्याच्या मांसाची परंपरा आहे. दमदमी टकसालीसारखे जथे म्हणजे पंथातले गट मात्र सर्वच मांस वर्ज्य मानतात. हा वाद जुना आहे, इथे मिटायचा नाही.

चुंबकसूची

मी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचे काम करतो, म्हणून फक्त तेवढ्यापुरते लिहितो. एमआरआयचे चुंबक तपासणी चालू असतानाच कार्यरत असते हा सर्वांत घातक गैरसमज आहे. अतिवाहक चुंबक रात्री, सुट्टीच्या दिवशी, दिवे बंद असतानाही पूर्ण ताकदीने ओढत असते. पोलादी पाते कमरेला असलेला माणूस दारातून आत गेला तर ते म्यानातून निसटून यंत्राच्या तोंडाकडे झेपावेल, आणि मध्ये रुग्ण झोपलेला असेल. त्यामुळे कृपाणीबाबत वाटाघाटीला जागाच नाही.

कड्याबाबत लोक सुचवतात की स्टेनलेस स्टीलचे घ्या, त्याला चुंबक चिकटत नाही. हे अर्धेच खरे आहे. ३०४ प्रतीचे स्टील मुळात जवळजवळ अचुंबकीय असते, पण ते वाकवून, ठोकून कडे घडवताना त्यात चुंबकत्व येऊ शकते. बाजारातले कडे कोणत्या प्रतीचे आहे हेही सांगता येत नाही. घरच्या फ्रिजवरच्या चुंबकाने केलेली परीक्षा इथे उपयोगाची नाही. लाकडी कंघा आणि सुती कच्छेरा यांची काहीच अडचण नाही. केसांत लोखंडी आकडे नसावेत, आणि पगडीला खोचलेली टाचणी हमखास विसरली जाते, तेव्हा ती तपासावी.

सिमरन_ठाणे

हजुरी_मराठी यांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी ज्या जथ्यात अमृत घेतले तिथे ककार शरीरापासून वेगळे करायचे नाहीत हेच शिकवले. आम्ही स्नान करतानाही कृपाण डोक्याला बांधतो आणि कच्छेरा बदलताना जुन्याचा एक पाय सोडून नव्यात घालतो, मग दुसरा. आमच्याकडे स्त्रियाही केसकी म्हणजे लहान पगडी बांधतात, कारण आम्ही केसकीलाच ककार मानतो. ‘अमृत मोडत नाही, तनखाह घ्या’ असे म्हटले की माणूस आधीच सवलत गृहीत धरतो. चूक घडणे वेगळे आणि चूक होणार हे ठाऊक असताना शब्द देणे वेगळे. पंज प्यारे विचारतात तेव्हा ‘हो, पण ड्यूटीवर नाही’ असे उत्तर नसते. भाच्याने आधी विभाग बदलून घ्यावा आणि मग अमृत घ्यावे असे मला वाटते.

हजुरी_मराठी

सिमरन ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पहिल्या भागाशी नाही. केसकीबाबतचा तुमचा विचार तुमच्या जथ्याचा आहे. पंथाच्या लिखित मर्यादेत ककार म्हणून केशच आहेत. पण शब्द देताना मनात अपवाद ठेवू नये हे तुमचे म्हणणे मला पटते. म्हणूनच हा प्रश्न त्याने विधीच्या आधी, पंज प्याऱ्यांची सेवा करणाऱ्यांपुढे, आपली कामाची पद्धत तपशिलाने सांगून मांडावा. मोघम ‘नोकरीत अडचण आहे’ असे सांगितले तर मोघमच उत्तर मिळते. खोलीत दिवसातून किती वेळा जावे लागते, दुसरा कोणी जाऊ शकतो का, ककार उतरवून कोठे व कोणाकडे ठेवले जातील, हे सर्व सांगावे. ते जे ठरवतील ते त्याच्यावर बंधनकारक राहील, तुमचे-माझे मत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी उत्तरे मिळू शकतात हेही मान्य करतो.

आप्पा_सातारकर

दुरुस्तीबद्दल आभारी आहे. मग शस्त्रक्रियेसाठी छातीवरचे केस काढले तर? ते तर त्या चारांतच आले.

हजुरी_मराठी

आप्पा, इथे मते विभागलेली आहेत. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरने केस काढणे ही कुरहित नाही असे मानणारे बरेच आहेत, आणि बरे झाल्यावर पंज प्याऱ्यांपुढे जाऊन सांगणारेही आहेत. व्यवहारात एवढे करता येते की सर्जनला आधी सांगून आवश्यक तेवढ्याच जागेचे केस काढून घ्यावेत. ‘सगळी छाती साफ करा’ ही बऱ्याचदा सवयीने दिलेली सूचना असते.

पुणे_ते_अमृतसर

कृपाणीवरून आठवले. मी अमृतधारी आहे आणि विमानाने फिरतो. देशांतर्गत उड्डाणात शीख प्रवाशाला पाते ६ इंच आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंतची कृपाण ठेवता येते. आंतरराष्ट्रीय उड्डाणात नाही, ती सामानात द्यावी लागते. संविधानाच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे, पण ते दाखवून सुरक्षा तपासणीत हुज्जत घालू नये, मोजपट्टीचा नियम सांगावा. मर्यादेत कृपाणीची लांबी ठरवलेली नाही, त्यामुळे प्रवास करणाऱ्याने लहान घेतली तरी बिघडत नाही. गात्रा म्हणजे कृपाणीचा पट्टा खांद्यावरून कपड्यांच्या आत घातला तर कामावरही सोय होते.

गोदातीर

रोजच्या नितनेमाबद्दल, म्हणजे नित्य प्रार्थनांबद्दल कोणी लिहिले नाही. भाच्याला रात्रपाळ्या असतात. आप्पांनी पाच बाण्या म्हटले होते.

सिमरन_ठाणे

आमच्याकडे पहाटे पाचच आहेत : जपजी, जाप, सवय्ये, चौपई आणि पूर्ण आनंद साहिब. संध्याकाळी रहरास, झोपताना सोहिला. आप्पा इथे चुकले नाहीत.

हजुरी_मराठी

लिखित मर्यादेत पहाटे तीन आहेत : जपजी, जाप आणि दहा सवय्ये, सूर्यास्तानंतर रहरास आणि झोपण्यापूर्वी सोहिला. चौपई आणि आनंदच्या सहा पौड्या रहराशीत येतातच. पाच म्हणणारे अधिक म्हणतात, त्यात वाद कशाला? अमृत ज्यांच्या हातून घेतले त्यांनी जेवढे सांगितले तेवढे म्हणावे. सराव झाल्यावर सकाळच्या तिन्हींना मिळून पाऊण तासाच्या आसपास लागतो. नवख्याला पहिले काही महिने त्याहून बराच अधिक.

नवख्याची खरी अडचण वेळेपेक्षा वाचनाची असते. बाण्यांचा देवनागरी गुटका म्हणजे छोटी पुस्तिका मिळते आणि मराठी माणूस ती घडाघडा वाचतो, पण शब्दाच्या शेवटी लिहिलेले ऱ्हस्व इकार-उकार बहुधा उच्चारायचे नसतात हे त्याला कोणी सांगत नाही. मग ‘नामु’ ‘करमु’ असे वाचण्याची सवय लागते आणि ती सुटायला फार त्रास होतो. पहिल्या महिन्यात पत्नीबरोबर मोठ्याने वाचावे, आणि शीखाने गुरमुखी शिकावी असे मर्यादाही सांगतेच. तुमच्या भाच्याला अक्षरओळख आठवड्याभरात होईल.

रात्रपाळीबद्दल : सूर्यास्ताला तो कामावर असेल तर रहरास मधल्या सुट्टीत म्हणता येते. पाठ असल्याखेरीज कामाच्या ठिकाणी म्हणणे अवघड जाते, म्हणून रहरास आणि सोहिला आधी पाठ कराव्यात असे मी नव्यांना सांगतो. पहाटेच्या बाण्या रात्रपाळी संपवून, स्नान करून म्हणणारे ट्रकचालक, पोलीस, परिचारिका मी पाहिले आहेत. एखादी राहिली तर जाग आल्यावर ती पूर्ण करावी. दिवसेंदिवस राहू लागली तर तो लपवण्याचा विषय नाही, संगतीत सांगण्याचा आहे.

चुंबकसूची

एक भर. क्ष-किरण आणि सीटी स्कॅन विभागांत असे चुंबक नसते. कृपाण व कडे यांची तिथे एवढीच अडचण होईल की रुग्णाला धरावे लागले तर हात किरणांच्या क्षेत्राबाहेर ठेवावेत, जे एरवीही करावेच लागते. तंत्रज्ञाची पदविका बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे चालते, तेव्हा अंतर्गत बदलीची विनंती अवास्तव नाही.

गोदातीर

सर्वांचे आभार. भाच्याशी बोलणे झाले. हा प्रश्न त्याच्याही मनात होता. त्याने सीटी विभागात बदलीसाठी अर्ज दिला आहे, परंतु तिथली जागा रिकामी होईपर्यंत काही महिने जातील असे दिसते. तोवर थांबावे असे त्याचे मत आहे. सुनेला वाटते की तिने आधी अमृत घ्यावे आणि त्याने नंतर. पती-पत्नींनी एकत्रच घ्यावे असा नियम आहे का?

सिमरन_ठाणे

आमच्या जथ्यात विवाहितांना एकत्रच या असे सांगतात, कारण घरात एकाची रहत आणि दुसऱ्याची नाही असे झाले की स्वयंपाकापासून अडचणी सुरू होतात.

हजुरी_मराठी

लिखित मर्यादेत तशी अट मला आढळलेली नाही. टकसाल आणि काही जथे आग्रह धरतात, हे खरे. अमृतसंचार जिथे होणार आहे तिथे दोघांनी मिळून जावे आणि हा प्रश्नही त्याच वेळी विचारावा. त्यासाठी दिवाण संपल्यानंतरची वेळ बरी, त्या आधी कोणाला उसंत नसते.